जुन्या डायऱ्या एकत्र वाचणं

तीन-चार-पाच वर्षांच्या डायऱ्या ओळीने समोर घेऊन सलग वाचायच्या आणि आपण फिरून फिरून कुठल्या विषयांपाशी येतोय ते शोधायचं, अशी ही पद्धत. जुन्या आठवणी म्हणून वह्या चाळणं वेगळं. तिथे आपण आवडीची पानं शोधतो आणि रटाळ पानं भराभर उलटतो. इथे नेमकी ती रटाळ पानंच कामाची, कारण तीच तक्रार तिसऱ्या वर्षीही तशीच्या तशी समोर आली की वाचणाऱ्याला कंटाळा येतो, आणि तो कंटाळा हीच पहिली खूण.

प्रकार नवा नाही. अमेरिकन लेखक राल्फ वाल्डो इमर्सन १८२० च्या सुमारास कॉलेजात असताना डायरी लिहायला लागले आणि पुढची कित्येक दशकं लिहीत राहिले. वह्या इतक्या साठल्या की त्यांनी त्यांच्या विषयवार सूची केल्या आणि मग त्या सूचींचीही सूची केली. पण त्यांना त्यातून व्याख्यानं आणि निबंध काढायचे होते. स्वतःला समजून घ्यायला म्हणून आपलीच डायरी पद्धतशीर तपासली ती ब्रिटिश मनोविश्लेषक मॅरियन मिल्नर यांनी. १९२६ पासून त्या डायरीत आपल्याला कशाने आनंद होतो ते टिपत गेल्या आणि १९३४ मध्ये जोआना फील्ड या टोपणनावाने त्यावर पुस्तक काढलं. आपल्याला काय हवंय असं आपण धरून चालतो आणि आनंद खरंच कशातून मिळतो, यात बराच फरक पडतो असं त्यांना दिसलं.

आता प्रत्यक्ष काम. रोज अर्धं पान, म्हणजे अंदाजे दीडशे शब्द धरले तर वर्षाचे पंचावन्न हजाराच्या आसपास होतात आणि पाच वर्षांचे पावणेतीन लाख, म्हणजे मिनिटाला दोनशे शब्दांच्या वेगाने नुसतं वाचायलाच बावीस-तेवीस तास. टिपणं काढत वाचलं तर सहज दुप्पट. त्यामुळे एका बैठकीत उरकायचा विचार सोडा, पण मध्ये फार दिवस खंडही नको, नाहीतर पहिल्या वर्षातलं वाक्य चौथ्या वर्षात ओळखू येत नाही. पहिल्या फेरीत विषयांना नावं द्यायची नाहीत. वेगळ्या कागदावर फक्त तारीख, काय घडलं ते एका ओळीत आणि त्यावर आपण काय लिहिलंय ते त्याच शब्दांत उतरवायचं. सुरुवातीलाच ‘करिअर’, ‘घर’, ‘तब्येत’ असे कप्पे पाडले की पुढचं सगळं त्याच कप्प्यांत जाऊन पडतं, आणि हाती लागतं ते आधीच माहीत असलेलं.

एक उदाहरण घेऊ. समजा एका बाईच्या चार वर्षांच्या डायऱ्या आहेत आणि त्यात ‘ही नोकरी सोडायला हवी’ हे वाक्य दर दोन-तीन महिन्यांनी येतंय. वरवर बघता विषय नोकरीचा. पण कागदावर त्या प्रत्येक तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस पण उतरवले की वेगळंच दिसायला लागतं: ‘मीटिंगला गेले तर सगळं आधीच ठरलेलं’, मग पुढच्या वर्षी ‘माझ्या कामाची तारीख परस्पर बदलली, मला मेलवरून कळलं’. पगार, प्रवास, कामाचे तास यांचा त्या दिवसांत उल्लेखच नाही. आणि मग हेच ऑफिसच्या बाहेर शोधलं तर दुसऱ्या वर्षी भावाने घराचा रंग ठरवून टाकला त्यावर रागाने भरलेलं दीड पान आहे, तिसऱ्या वर्षी मैत्रिणींनी ट्रिपच्या तारखा ठरवल्या तिथे नुसतंच ‘बरं, जमवते म्हटलं’ आणि पुढचे चार दिवस कोरे. टाइप केलेल्या डायरीत ‘नोकरी’ हा शब्द सर्च करून यातलं काहीच मिळालं नसतं. सर्चला शब्द सापडतात, सारखे प्रसंग सापडत नाहीत, म्हणून सलग वाचायला पर्याय नाही (कंटाळवाणं आहे, मान्य).

इथे बहुतेक जण थांबतात, ‘मला विचारत नाहीत’ असं लेबल लावून मोकळे होतात. ते अर्धवट आहे. पुढची पायरी म्हणजे उलटे प्रसंग मुद्दाम शोधायचे, जिथे न विचारताच ठरलं आणि तरी काही वाटलं नाही. या बाईच्या वह्यांत तसेही सापडतात: डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, वरच्या साहेबांनी अख्खा विभागच दुसऱ्या मजल्यावर हलवला, दोन्ही वेळा एक-दोन ओळींत विषय संपला. म्हणजे सल आहे ती बरोबरीच्या माणसांनी गृहीत धरण्याची. विषय असा अरुंद होत गेला की समजावं वाचन नीट चाललंय, आणि प्रत्येक पान त्यात बसायला लागलं की समजावं आपण तो विषय पानांवर लादतोय.

या पद्धतीचा मोठा दोष डायरीतच आहे. बरेच जण बिनसलेल्या दिवशी जास्त लिहितात आणि चांगले दिवस तीन शब्दांत उरकतात किंवा लिहीतच नाहीत, त्यामुळे वह्या एकत्र वाचल्या की आयुष्य होतं त्यापेक्षा काळं दिसतं. कुठला विषय किती वेळा आला ते मोजायला हरकत नाही, पण तो आकडा लिहिण्याचा आहे, जगण्याचा नाही. कोऱ्या तारखांची पण यादी करावी आणि त्या दिवसांत काय चाललं होतं ते फोटो, मेसेज, कॅलेंडर यांवरून जमेल तेवढं भरावं.

दुसरा दोष वाचणाऱ्याकडे. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवलं की शेवट कळला की तो आधीपासूनच दिसत होता असं माणसाला वाटायला लागतं. म्हणून आज जे नातं तुटलंय त्याच्या खुणा पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पानावर दिसू लागतात, आणि नातं टिकलं असतं तर तीच पानं किरकोळ कुरबुर म्हणून गेली असती. त्यावर साधा उपाय असा की एका वहीतली वीसेक पानं काही महिन्यांनी, वेगळ्या मूडमध्ये, आधीचं टिपण न बघता पुन्हा वाचायची. दोन्ही वेळा निघालेलं ठेवायचं, एकदाच निघालेलं पेन्सिलीत राहू द्यायचं. वाचून झोप उडत असेल किंवा जुनी भांडणं डोक्यात परत सुरू होत असतील तर मात्र वह्या बंद करायच्या, ते शोधणं राहिलेलं नसतं, नुसतं उगाळणं झालेलं असतं.

काही विषय मध्येच गायबही होतात आणि ते बघायचं बऱ्याचदा राहून जातं. तो सुटला की फक्त लिहायचा थांबला, हे त्याच्या शेवटच्या दोन-चार नोंदींवरून बरंचसं कळतं. सुटलेल्या विषयाच्या शेवटी काहीतरी घडलेलं असतं, एखादं बोलणं, एखादा नकार, किंवा तोच प्रसंग पुन्हा आला आणि या वेळी एका ओळीत संपला. नुसता थांबलेला विषय बहुतेकदा ‘परत तेच’ असल्या वाक्यावर तुटतो, आणि पुढच्या महिन्यांत झोप, डोकेदुखी किंवा भलत्याच माणसावरची चिडचिड वाढलेली दिसते. अशा वेळी तुटलेल्या तारखेनंतरचे दोन-तीन महिने आधी कागदावर उतरवायचे आणि मगच त्या विषयापुढे ‘संपला’ लिहायचं की नाही ते ठरवायचं.