घड्याळावरचं ‘३० मीटर’ खोली सांगत नाही

३० मीटर वॉटर रेझिस्टंट असं वाचलं की वाटतं हे घालून तेवढं खोल जाता येईल, आणि मग नुसतं पोहून आल्यावर काचेच्या आतून वाफ धरलेली दिसते. यावर ऐकू येणारं कारण म्हणजे पाण्यात हात जोरात मारला की प्रेशर कित्येक पट होतं. गणित करून बघा. हात सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरला तर वाढीव दाब = अर्धा × पाण्याची घनता १००० × वेगाचा वर्ग २५, म्हणजे १२,५०० पास्कल, म्हणजे जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतका. ३० मीटरपुढे हे काहीच नाही!

खरी गोष्ट अशी की तो आकडा दाबाचा आहे, ३ बार. टेस्ट होते नव्या घड्याळावर, स्थिर पाण्यात, थोडा वेळ, आणि साध्या घड्याळांसाठीच्या ISO 22810 या मानकात सगळे पीस न तपासता नमुने तपासलेले चालतात. डायव्हिंगच्या ISO 6425 मध्ये मात्र प्रत्येक पीस लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली तपासतात.

पाणी अडवतात ते काच, मागचं झाकण आणि क्राउन म्हणजे वेळ लावायची बाजूची किल्ली, इथले रबरी गॅस्केट म्हणजे सील, आणि ते वयाने कडक होतात. त्यात गरम शॉवर घेऊन लगेच गार पाण्यात गेलात, समजा ४० अंशांवरून १५ वर, तर आतल्या हवेचा दाब साधारण ८ टक्के उतरतो आणि कुठे बारीक फट असेल तर पाणी आत ओढलं जातं. फट आहे का हे बघायला तपासणारे घड्याळ ४०-४५ अंशांपर्यंत गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात, मिनिटाने पुसतात, आतून धुकं दिसलं तर ओल आत गेलेली आहे.

म्हणून घड्याळ विकणाऱ्याने वर्णनात सरळ लिहावं: ‘३ बार, हात धुताना आणि पावसात चालेल, पोहायला आणि गरम शॉवरला नको, क्राउन दाबलेला ठेवा, सील ठरावीक काळाने तपासून घ्या.’ नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिणं ही फसवणूकच आहे.

मूव्हमेंट, म्हणजे आतली यंत्रणा, क्वार्ट्झ की ऑटोमॅटिक तेही लिहावं. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो तो बॅटरीमुळे, त्यातून अंगाला ‘ऊर्जा’ मिळते हे थोतांड आहे. काच ‘स्क्रॅचप्रूफ’ न म्हणता मिनरल की सफायर ते सांगावं, कारण वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा दहाच्या मोह्स मापावर ७, मिनरल काच त्याहून मऊ म्हणून ओरखडते, सफायर ९ वर असल्याने वाळूला दाद देत नाही, पण आपटली तर फुटू शकते.

पट्ट्याचं माप १२० अधिक ७५ मिलिमीटर असं दोन तुकड्यांचं, बकल सोडून देतात, पण त्यावरून मनगटाला बसेल का ते कळत नाही, मध्ये घड्याळाच्या डबीची लांबीही येते ना. त्यापेक्षा पहिल्या आणि शेवटच्या भोकावर पट्टा लावून आतला घेर मोजावा आणि ते दोन आकडे लिहावेत.