‘गोळी पाच दिवस बंद’: दात काढण्याआधीच्या एका सूचनेची पार्श्वभूमी

हृदयाची झडप बदललेला किंवा स्टेंट टाकलेला पेशंट दात काढायला येतो तेव्हा त्याच्या फाईलमध्ये बहुधा एक चिठ्ठी असते. तीवर लिहिलेलं असतं, ‘रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस बंद, मग दात काढण्यास हरकत नाही.’ आज बहुतेक मार्गदर्शक सूचना याच्या उलट सांगतात. साधे एक ते तीन दात काढायचे असतील तर गोळी चालू ठेवा, रक्तस्राव जागच्या जागी थांबवा. तरी चिठ्ठी बदललेली नाही. ती कशी रुजली याला इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग दातांचा नसून प्रयोगशाळेतल्या एका आकड्याचा आहे.

आधी शब्दाचा गोंधळ. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ रक्त पातळ करत नाही. या नावाखाली दोन वेगळ्या जातीची औषधं खपतात. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफरिन आणि आपल्याकडे जास्त दिसणारं असेनोकुमारॉल यकृतात तयार होणाऱ्या गोठण-घटकांना अपुरं ठेवतात. खुर्चीवर फरक दिसतो. पहिल्या जातीत दात निघाल्यानिघाल्या रक्त झिरपत राहतं, पण दाबून धरलं की थांबतं. दुसऱ्या जातीत गुठळी होते, पेशंट खुशीत घरी जातो आणि ती कच्ची गुठळी रात्री सुटते. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी आयएनआर ही तपासणी दुसऱ्या जातीबद्दलच बोलते. अ‍ॅस्पिरिनच्या पेशंटचा आयएनआर मागवणं म्हणजे तापाला वजनकाटा लावणं.

या दुसऱ्या जातीचं मूळ गोठ्यात आहे. 1920 च्या दशकात कॅनडा आणि उत्तर डाकोटातली गुरं शिंगं कापताना किंवा खच्ची करताना रक्त न थांबल्याने मरू लागली. त्यांनी बुरशी लागलेलं गोड क्लोव्हर गवत खाल्लं होतं. त्यातला पदार्थ 1940 च्या सुमारास वेगळा काढला गेला. त्याचाच भाऊबंद वॉरफरिन आधी उंदीर मारायला विकला गेला आणि 1954 मध्ये माणसांसाठी मंजूर झाला. लगेचच दात काढल्यावर रक्त न थांबल्याच्या हकीकती वैद्यकीय मासिकांत छापून यायला लागल्या, आणि ‘आधी गोळी बंद’ ही रीत पडली. त्या काळात ती अगदीच चुकीची होती असं मला वाटत नाही. कारण त्या पेशंटच्या रक्तात नेमकं किती औषध काम करतंय हे कुणालाच नीट कळत नव्हतं.

ते मोजायला प्रोथ्रोम्बिन टाइम, म्हणजे पीटी होता. पेशंटच्या प्लाझ्मात थ्रोम्बोप्लास्टिन नावाचं रसायन घालायचं आणि किती सेकंदांत गोठतं ते बघायचं. निरोगी माणसाचं 12 सेकंदांत गोठलं आणि पेशंटचं 24 सेकंदांत, तर गुणोत्तर 2. डॉक्टरांनी ठरवलं होतं की दीड ते दोन पट ठेवा. सगळ्या गडबडीचं मूळ इथं आहे. ब्रिटनमध्ये हे रसायन मानवी मेंदूपासून बनत होतं, अमेरिकेत सशाच्या मेंदूपासून. सशाचं रसायन मंद होतं. गोठण-घटक बरेच कमी झाले तरी सेकंद थोडेच वाढायचे. त्यामुळे तेच ‘दोन पट’ गाठायला अमेरिकन पेशंटला बरंच जास्त औषध द्यावं लागे.

1983 मध्ये जागतिक पातळीवर तोडगा निघाला. प्रत्येक रसायनाला त्याच्या संवेदनशीलतेचा आकडा द्यायचा, म्हणजे आयएसआय, आणि गुणोत्तराला त्याचा घात लावायचा. येणारा आकडा म्हणजे आयएनआर. वरचाच पेशंट घ्या. गुणोत्तर 2 आणि रसायनाचा आयएसआय 1 असेल तर आयएनआर 2 येतो. आयएसआय 2.4 असेल तर 2 चा 2.4 घात, म्हणजे साधारण 5.3. एकाच रिपोर्टवरचा एकच आकडा एका ठिकाणी सुरक्षित, दुसरीकडे भरपूर रक्तस्रावाचा. अमेरिकेत आयएनआर रुळायला 90 चं दशक उजाडलं.

आता त्या जुन्या हकीकती परत वाचल्या की शंका येते. दात काढून दोन दिवस रक्त वाहत राहिलेल्या त्या पेशंटांपैकी कितीजण, आजच्या भाषेत, आयएनआर पाचच्या वर असलेले होते? सगळे नसतील. पण ‘वॉरफरिनवर दात काढला तर असं होतं’ हा धडा ज्या अनुभवावरून घेतला गेला, तो अनुभव आजच्या 2 ते 3 च्या पेशंटला लागू होत नाही. चिठ्ठी मात्र तिथंच थांबली.

गोळी बंद करणं फुकट नसतं, हेही उशिरा मोजलं गेलं. वॉरफरिन थांबवल्यावर आयएनआर दीडच्या खाली यायला चार-पाच दिवस लागतात आणि पुन्हा सुरू केल्यावर वर चढायला तितकेच. म्हणजे एका दाढेसाठी आठवडाभर पेशंट गुठळीच्या धोक्यापुढे उघड्यावर. 1998 मध्ये एका समीक्षकाने तोवरचं छापील साहित्य एकत्र केलं. गोळी चालू ठेवून दोन हजारांहून जास्त दंतप्रक्रिया झालेल्या पेशंटांत जागेवरच्या उपायांनी रक्त न थांबलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. गोळी थांबवलेल्या सुमारे पाचशे जणांत पाच जणांना गुठळीचा गंभीर त्रास झाला आणि त्यातले चार दगावले. या आकड्यांवर आक्षेपही आले. गोळी थांबवल्याने त्या गुठळ्या झाल्या हे सिद्ध करता येत नाही आणि अनेक हकीकती जुन्या होत्या. आक्षेप रास्त आहे. पण सॉकेटमधलं, म्हणजे दात निघालेल्या खड्ड्यातलं, रक्त बोटाने दाबता येतं, मेंदूतली गुठळी दाबता येत नाही. या तफावतीपुढे तो आक्षेप मला दुबळा वाटतो.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोचतो, कारण संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेले पेशंट तरुण असतात. तिरुवनंतपुरममध्ये घडवलेली देशी यांत्रिक झडप 1990 च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा बसवली गेली आणि परवडणाऱ्या किमतीमुळे ती वाढत गेली. यांत्रिक झडप म्हटली की गोळी आयुष्यभर, आणि पंचविशीत झडप बसवलेल्या बाईच्या दाढा पुढची चाळीस वर्षं किडणार असतात.

जागेवरचे उपाय म्हणजे टाके, दाब आणि स्पंज. हे जुनेच. नवी भर 1989 ची. तोंडात गुठळी टिकत नाही याचं एक कारण लाळ. लाळेत गुठळी विरघळवणारे घटक असतात. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे विरघळणं अडवतं. डेन्मार्कमधल्या एका छोट्या चाचणीत गोळी चालू असलेल्या 39 जणांचं तोंडाचं ऑपरेशन झालं. निम्म्यांना या औषधाचं 4.8 टक्के द्रावण 10 मिली, दिवसातून चार वेळा, दोन-दोन मिनिटं गुळणीसाठी सात दिवस दिलं, बाकीच्यांना नुसतं तसंच दिसणारं पाणी. पाणीवाल्या वीसपैकी आठ जणांना पुन्हा रक्त आलं, औषधवाल्या एकोणीसपैकी एकाला. पुढे दोन दिवसही पुरतात असं दिसलं. आपल्याकडे तयार गुळणी सहज मिळत नाही. पण इंजेक्शनचा 500 मिलिग्रॅमचा 5 मिलीचा अ‍ॅम्प्यूल मिळतो. त्यात तेवढंच पाणी घातलं की जवळपास तीच तीव्रता होते.

माझ्याकडे आलेल्या एका बावन्न वर्षांच्या काकूंचं उदाहरण सांगतो. मायट्रल झडप यांत्रिक, असेनोकुमारॉल चालू, खालची उजवी पहिली दाढ काढायची. ‘डॉक्टर, मागच्या वेळी उशी भिजली होती,’ हे पहिलं वाक्य. जुने कागद पाहिले. मागच्या दाताच्या दिवशी आयएनआर 2.8 होता, म्हणजे बरोबर. रक्त आलं पाचव्या दिवशी. तेव्हा दुसरीकडे दिलेल्या गोळ्यांत मेट्रोनिडॅझोल होतं, सोबत डायक्लोफेनॅक. मेट्रोनिडॅझोल असेनोकुमारॉलचा यकृतातला निचरा रोखून आयएनआर वर नेतं, डायक्लोफेनॅक प्लेटलेट्सना अडवतं. चूक दात काढण्यात नव्हती, नंतरच्या औषधांच्या चिठ्ठीत होती.

या वेळी गोळी बंद केली नाही. आदल्या दिवशीचा आयएनआर 3.1 आला. मर्यादा 4 ची धरतात. वेळ मुद्दाम मंगळवारी सकाळची दिली, म्हणजे काही झालं तर दिवस हातात आणि रविवार लांब. झडपेमुळे तासभर आधी अ‍ॅमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, तो एकच डोस. मुळं वेगळी करून काढली, हाड कमीत कमी दुखावलं. तळाशी लालसर मऊ मांस होतं ते सगळं खरवडून काढलं. हे राहिलं तर तेच झिरपत राहतं आणि दोष गोळीवर जातो. सॉकेटमध्ये जिलेटिनचा स्पंज, वरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा टाका, मग ट्रॅनेक्झॅमिकमध्ये भिजवलेला गॉज दातांखाली घट्ट. अर्ध्या तासाने गॉज काढला तर सॉकेट कोरडं. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल.

रात्री नऊला फोन आला. लाळ लाल येतेय. लाल लाळेला घाबरायचं नसतं, थेंबभर रक्तही वाटीभर लाळ रंगवतं. विचारायचं ते एवढंच, की तोंड काही मिनिटांत पुन्हा भरतंय का आणि जागेवर काळपट-लाल, यकृताच्या तुकड्यासारखा लिबलिबीत गोळा आलाय का. तसा गोळा असला तर तो रक्त थांबवत नाही, त्याच्याखालून रक्त चालूच राहतं. तो पुसून काढून पुन्हा दाबायचं. काकूंना गोळा नव्हता, पण त्या दर पाच मिनिटांनी थुंकत होत्या. थुंकणं थांबवलं, वीस मिनिटं गॉज चावून धरला आणि थांबलं. सोबत एक ताकीद दिली, की जखमेवर मिश्री लावायची नाही.

आयएनआर असताना अनेक लॅबच्या फॉर्मवर अजूनही ‘बीटी-सीटी’ वर खूण करून पाठवलं जातं. ब्लीडिंग टाइम ऑपरेशनातला रक्तस्राव वर्तवत नाही हे 90 च्या दशकातच स्पष्ट झालं, आणि क्लॉटिंग टाइम वॉरफरिनवरच्या पेशंटचाही नॉर्मल येऊ शकतो. नॉर्मल रिपोर्ट बघून धीर येतो, एवढाच त्याचा उपयोग आणि तोच त्याचा धोका. हेपारिनच्या ‘ब्रिज’चंही काहीसं तसंच झालं. गोळी थांबवून मधले दिवस पोटात सुया द्यायच्या, ही रीत 2015 च्या मोठ्या चाचणीत एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या, पेशंटांत रक्तस्राव वाढवणारी आणि गुठळ्या कमी न करणारी ठरली. यांत्रिक झडपेवाले त्या चाचणीत नव्हते, म्हणून त्यांच्यावर तो निकाल ओढून लावू नये.

2010 च्या आसपास आलेल्या डॅबिगॅट्रन, रिव्हरॉक्झाबॅन, अपिक्झाबॅन या गोठण रोखणाऱ्या नव्या गोळ्यांनी तर आकड्याचा आधारच काढून घेतला. त्यांचा पेशंट आयएनआर 1.1 घेऊन येऊ शकतो आणि तरी औषध पूर्ण जोरात असू शकतं. तिथं कागदावरचा आकडा नाही, घड्याळ बघावं लागतं, कारण ही औषधं काही तासांत ओसरतात. ब्रिटनमधल्या सूचनांप्रमाणे साध्या एक ते तीन दातांना काहीच बंद नाही. जास्त रक्त येईल अशा कामाला अपिक्झाबॅन किंवा डॅबिगॅट्रनचा फक्त सकाळचा डोस वगळायचा. रिव्हरॉक्झाबॅन सकाळी घेत असेल तर तो डोस रक्त थांबल्यावर चार तासांनी. ट्रॅनेक्झॅमिकची गुळणी या औषधांवर तितकी चमकदार ठरली नाही. बेल्जियममधल्या चाचणीत एकूण रक्तस्राव कमी झाला नाही, उशिरा येणारा तेवढा घटला. गेल्या महिन्यात अपिक्झाबॅनवरचे एक आजोबा आले. खालचा पुढचा एक हलता दात. हातात चिठ्ठी होती, ‘गोळी पाच दिवस बंद.’ तो त्यांचा तिसरा दिवस होता. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, दात दहा मिनिटांत निघाला आणि संध्याकाळची गोळी त्यांनी घेतली.