स्कॅन केलेल्या ताळेबंदातून आकडे काढणे

छापील ताळेबंदाच्या प्रतिमेतील रकमा मथळे, वर्ष आणि चिन्हासह स्प्रेडशीटमध्ये आणण्याचे काम. ओसीआर प्रणाली (उदा. टेसरॅक्ट) अक्षरे ओळखते, पण कोणता आकडा कोणत्या स्तंभाचा आणि तो अधिक की उणे, हे पानावरच्या मांडणीवरून ठरते. बहुतेक चुका तिथेच होतात.

मथळे अनेकदा दोन मजली असतात. वर ‘समूह’ आणि ‘कंपनी’, आणि प्रत्येकाखाली चालू व मागील वर्ष, असे चार स्तंभ झाले तर ‘समूह’ हा शब्द पहिल्या दोन स्तंभांच्या मधोमध छापलेला असतो. ओसीआर त्याला एकच जागा देते. त्यामुळे तो दोनपैकी एका स्तंभाला चिकटतो आणि दुसरा बिनमथळ्याचा राहतो. रिकाम्या खान्यात डावीकडचा मथळा भरत जाण्याची नेहमीची युक्ती इथे फसते, कारण शब्द उजव्या स्तंभावर पडला असेल तर डावीकडे भरायला काहीच नसते. मथळ्याखाली आडवी रेघ असेल तर तिची लांबी पाहावी. ती जितक्या स्तंभांवर पसरते तितक्यांचा तो मथळा. रेघ नसेल तर शब्दाचा मध्यबिंदू कोणत्या स्तंभगटाच्या मध्याशी जुळतो ते पाहतात.

ओळींनाही असेच मजले असतात. ‘इतर देणी’ दीर्घकालीन देण्यांत येते आणि चालू देण्यांतही. म्हणून प्रत्येक ओळीसोबत ‘चालू देणी > इतर देणी’ असा पूर्ण माग ठेवावा लागतो. हा माग ओळीच्या डाव्या समासावरून काढतात. त्यासाठी तिरके स्कॅन झालेले पान आधी सरळ करून घ्यावे.

उणे रक्कम कंसात छापण्याची प्रथा ही या कामातली खरी डोकेदुखी. अंक एकाखाली एक यावेत म्हणून बंद होणारा कंस बहुधा अंकांच्या उजव्या कडेबाहेर छापतात. स्तंभाची सीमा अंकांच्या कडेला धरली की तो कंस कापला जातो किंवा शेजारच्या खान्यात जातो. फिकट प्रतीत कंस ‘1’ हा अंक म्हणूनही वाचला जातो. पुढील उदाहरणात भागभांडवल ५,०००, राखीव निधी १२,३४० आणि संचित तोटा (१,८६०) आहे. छापील बेरीज १५,४८०. तोट्याची रक्कम अशा रूपांत हाती येऊ शकते:

```
1,860      दोन्ही कंस गळाले
11,860     सुरुवातीचा कंस 1 झाला
1,8601     शेवटचा कंस 1 झाला
(1,860     एक कंस उरला
```

तिसरे रूप स्वल्पविरामानंतरच्या चार अंकांमुळे लगेच कळते. पहिली दोन दिसायला निर्दोष असतात, त्यामुळे ती बेरजेनेच पकडायची. कंस गळाले असतील तर बेरीज १९,२०० येते. छापील बेरजेशी फरक ३,७२०, म्हणजे रकमेच्या बरोबर दुप्पट. फरक निम्मा करून तो आकडा स्तंभात शोधणे हा हिशेबनिसांचा जुना उपाय आहे आणि इथेही तोच सर्वात झटपट. सुरुवातीच्या कंसाचा ‘1’ झाला असेल तर फरक १३,७२० होतो. त्याच्या निम्म्याची, ६,८६० ची, रक्कम स्तंभात नसते, म्हणून मूळ प्रतिमाच पाहावी लागते. चौथे रूप स्प्रेडशीटमध्ये मजकूर म्हणून बसते, `SUM` ते मोजत नाही आणि बेरीज १७,३४० दाखवते. फरक एकपटच, १,८६०. म्हणजे फरकाच्या पटीवरून चिन्ह हरवले की रक्कमच वगळली गेली, याचा अंदाज येतो.

एकच कंस उरलेली रक्कम उणे धरावी, पण तिच्यावर खूण ठेवून डोळ्यांनी तपासावी. एकट्या आडव्या रेघेचा अर्थ सहसा शून्य. ती उणे चिन्ह समजून पुढच्या आकड्याला जोडू नये. नावांनंतरचा अरुंद ‘टीप’ स्तंभही आधीच बाजूला काढावा, नाहीतर टीप क्रमांक १४ हा रक्कम म्हणून बेरजेत शिरतो.

बेरजेच्या तपासणीला एक मोठी मर्यादा आहे. दोन वर्षांचे मथळे अदलाबदल झाले तर प्रत्येक स्तंभ आपल्यापुरता चोख जुळतो; मालमत्ता आणि देणी-भांडवल यांचाही मेळ बसतो. ही चूक आकड्यांतून दिसतच नाही. ती पकडायची तर मागील वर्षाचा स्तंभ आदल्या वर्षी छापलेल्या ताळेबंदाशी ताडून पाहावा. तिथेही थोडा फरक सापडला म्हणून लगेच वाचनाला दोष देऊ नये: तुलनेचे आकडे नव्याने वर्गीकृत करून किंवा दुरुस्त करून छापले जातात, आणि तसे केले असेल तर त्याचा उल्लेख टिपांमध्ये सापडतो.