सेल सॅल्व्हेज (परके रक्त नाकारणाऱ्या रुग्णांसाठी)

शस्त्रक्रियेत वाहणारे रुग्णाचे स्वतःचे रक्त शोषून घ्यायचे, धुऊन त्यातल्या तांबड्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच टेबलावर त्याला परत द्यायच्या, या पद्धतीला सेल सॅल्व्हेज म्हणतात. रक्त घेण्यास धर्मश्रद्धेमुळे नकार देणाऱ्यांमध्ये यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ सर्वांत परिचित आहे. १९४५ पासूनच्या शिकवणीनुसार ते रक्त, तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा घेत नाहीत. अल्ब्युमिनसारखे रक्तापासून काढलेले अंश आणि सेल सॅल्व्हेज मात्र ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेले आहेत. म्हणून नुसत्या पंथाच्या नावावरून काहीच गृहीत धरू नये. नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवून, एकेका गोष्टीचे नाव घेऊन रुग्णाला विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

शस्त्रक्रियेआधी स्वतःचेच रक्त काढून रक्तपेढीत ठेवण्याचा मार्ग या रुग्णांनी परंपरेने नाकारला आहे, कारण शरीरापासून तुटलेले रक्त पुन्हा घ्यायचे नाही अशी त्यांची धारणा. वैद्यकीय हिशेबानेही तो फारसा फायद्याचा नाही. दर पिशवीला साधारण ४५० मिली रक्त जाते, शेवटची पिशवी शस्त्रक्रियेच्या किमान ७२ तास आधी घ्यावी लागते आणि रुग्ण टेबलावर येतो तोच पांडुरोग घेऊन. ज्यांना जुळणारे रक्त मिळणेच अवघड, अशा बॉम्बे रक्तगटाच्या लोकांसाठी मात्र तो आजही उपयोगी आहे. हा गट १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवला.

खरी तयारी तीन-चार आठवडे आधी सुरू होते. खुब्याचा जुना कृत्रिम सांधा बदलायचा आहे, रुग्ण ६० किलोची, हिमोग्लोबिन ९.५ आहे आणि ते १३ वर न्यायचे आहे, असे समजू. लोहाची गरज काढायला वजन, हिमोग्लोबिनमधला फरक आणि २.४ यांचा गुणाकार करून साठ्यासाठी ५०० मिळवतात: ६० × ३.५ × २.४ + ५०० म्हणजे सुमारे १००० मिग्रॅ. हे लोह शिरेतून देतात. गरजेप्रमाणे तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची जोड देतात. त्याने गुठळ्यांचा धोका वाढतो आणि त्याच्या काही उत्पादनांत अल्ब्युमिन असते, म्हणून कुपीवरचा मजकूर आधी वाचावा. छेद घेण्यापूर्वी रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सामिक ॲसिड १ ग्रॅम देतात.

यंत्राची नळी बहुतेक साक्षीदार रुग्णांना सुरुवातीपासूनच जोडलेली हवी असते. त्यासाठी परतीची नळी सलाईनने भरून छेदाआधीच शिरेतल्या कॅन्युलाला लावतात. म्हणजे जखम, यंत्र आणि शीर यांचे एकच अखंड वर्तुळ होते. रक्त गोठू नये म्हणून सक्शनच्या टोकाशी त्यात हेपरिनयुक्त सलाईन मिसळते. १ लिटरमध्ये ३०,००० युनिट. शोषणाचा दाब १५० मिमी पाऱ्याच्या आत ठेवावा आणि टोक साठलेल्या रक्तात बुडवावे. पृष्ठभागावरून हवेसकट ओढले की पेशी फुटतात. मॉप पिळण्याऐवजी सलाईनमध्ये हलकेच बुडवून काढल्यास बरेच रक्त वाचते. रक्त गाळून वेगाने फिरणाऱ्या बाऊलमध्ये येते, जड पेशी कडेला बसतात, मग सुमारे १ लिटर सलाईनने धुतात. बाहेर पडणारे पाणी शेवटी स्वच्छ दिसले पाहिजे. ते गुलाबीच राहिले तर पेशी फुटताहेत किंवा धुणे अपुरे आहे.

आपल्या रुग्णाचे १५०० मिली रक्त गेले, तर १३ हिमोग्लोबिनला (हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ३९ टक्के) त्यात सुमारे ५८५ मिली पेशी असतात. त्यातल्या दोन-तृतीयांश हाती लागल्या, तर ६० टक्के हिमॅटोक्रिटचे सुमारे ६५० मिली परत मिळते, म्हणजे २२५ मिलीचे जवळपास तीन बाऊल. प्रत्यक्षात थोडे कमीच, कारण सलाईन देत गेल्याने रक्त पातळ होत जाते.

पोव्हिडोन आयोडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, साधे निर्जंतुक पाणी आणि हाडाचे सिमेंट यंत्रात जाऊ देऊ नये. सिमेंट घालताना दुसरे साधे सक्शन वापरावे. परतीच्या पिशवीत हवा असते, म्हणून तिला प्रेशर बॅग कधीही बांधू नये. शिरेत हवा जाऊन जीव जाऊ शकतो. आणि यंत्र फक्त तांबड्या पेशी परत करते. गोठण्याचे घटक आणि प्लेटलेट धुण्यात वाहून जातात, त्यामुळे फार मोठ्या रक्तस्रावात पेशी परत देऊनही रक्त गोठेनासे होते. हीच या पद्धतीची खरी मर्यादा आहे.

शस्त्रक्रियेनंतर तपासण्या मोजक्याच कराव्यात आणि लहान मुलांच्या छोट्या ट्यूबमध्ये रक्त घ्यावे. ड्रेनमधून लालभडक रक्त येतच राहिले, तर 'थोडे थांबून पाहू' म्हणू नये. इतरांना रक्त देऊन वेळ काढता येतो, या रुग्णाला नाही. तिला लगेच पुन्हा टेबलावर घेऊन वाहणारी रक्तवाहिनी बांधावी.