खात्यात पैसे किती, आणि ते किती महिने पुरतील?
नव्या कंपन्यांच्या मालकांसाठी आमच्या कार्यालयाचे माहितीपत्रक

उद्यमबाग, मच्छे, अनगोळ, खानापूर रोड या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत तरुणांनी कंपन्या काढल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांचे हिशेब आमच्याकडे असतात. "रनवे किती आहे?" असा प्रश्न गुंतवणूकदार किंवा बँकेचा माणूस विचारतो, तेव्हा बहुतेक जण मोबाईलवर शिल्लक बघतात, महिन्याच्या खर्चाने भागतात आणि आकडा सांगतात. हा आकडा जवळजवळ नेहमी मोठा निघतो. तो का मोठा निघतो, हे एकाच उदाहरणावरून दाखवतो. उदाहरणातली कंपनी आम्ही रचलेली आहे. आकडे मात्र आमच्या टेबलावर रोज येतात त्याच जातीचे आहेत.

कंपनी फाउंड्रीतल्या इंडक्शन फर्नेसचा वीजवापर मोजणारं यंत्र बनवते. सात माणसं आहेत. गिऱ्हाईक उद्यमबागेत आहे, तसंच शिरोलीतही आहे. 31 जुलैला खात्यावर 48 लाख रुपये आहेत. मालक म्हणतो, "महिन्याला 6 लाख जातात, 2 लाख येतात. म्हणजे 4 लाखांचा बर्न. वर्षभर काळजी नाही."

बर्न रेट म्हणजे महिन्याला खिशातून निव्वळ किती कमी होतात तो आकडा. शिल्लक भागिले बर्न रेट म्हणजे रनवे. सूत्र बरोबरच आहे. चूक होते ती सूत्रात घातलेल्या दोन आकड्यांत.

आधी शिल्लक बघू

48 लाखांत 6 लाखांची एक फिक्स्ड डिपॉझिट आहे. एका मोठ्या गिऱ्हाईकाला दिलेल्या बँक गॅरंटीसाठी बँकेने तिच्यावर लिन लावली आहे. गॅरंटी सुटेपर्यंत ती मोडता येत नाही, त्यामुळे पगाराला तिचा काही उपयोग नाही.

जुलैत शिरोलीच्या एका फाउंड्रीला 6 लाखांचं बिल गेलं, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 7 लाख 8 हजार. पैसे ऑक्टोबरात येतील असं गिऱ्हाईक म्हणतंय. जीएसटी मात्र बिलाच्या तारखेवर लागतो, पैसे आले की नाही हे सरकार विचारत नाही. खरेदीवर आधीच भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा जाता 80 हजार 20 ऑगस्टला भरायचे आहेत. इथे एक खाच आहे. ज्याच्याकडून माल घेतला त्याने आपलं विक्रीचं रिटर्न 11 तारखेपर्यंत भरलं नाही, तर ते क्रेडिट तुमच्या 14 तारखेच्या जीएसटीआर-2बी या क्रेडिटच्या यादीत दिसत नाही, आणि तेवढे पैसे तुम्हाला त्या महिन्यात रोखीने भरावे लागतात. पुढे क्रेडिट मिळतं, पण या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या क्रेडिटवर होत नाही. म्हणून पुरवठादार स्वस्त आहे की नाही यापेक्षा तो रिटर्न वेळेवर भरतो की नाही हे आम्ही आधी बघतो.

कापलेला टीडीएस 7 तारखेपर्यंत आणि पीएफ 15 तारखेपर्यंत भरायचा, मिळून 70 हजार. हे पैसे कर्मचाऱ्यांचे आणि सरकारचे आहेत, कंपनीच्या खात्यात ते फक्त मुक्कामाला असतात. सर्किट बोर्डवाल्याची अडीच लाखांची बिलं मुदत उलटून पडली आहेत. तो फोन करत नाही याचा अर्थ तो विसरला असा नाही. शिवाय एका गिऱ्हाईकाने पाच यंत्रांसाठी 5 लाख आगाऊ दिले आहेत. ती यंत्रं बनवायला 3 लाखांचा माल लागेल, आणि तो अजून घेतलेला नाही.

6 लाख, 80 हजार, 70 हजार, अडीच लाख आणि 3 लाख. बेरीज 13 लाख. हाताशी उरले 35 लाख.

मग महिन्याचा खर्च

मालकाच्या 6 लाखांत पगार, भाडं, वीज, फिरती, रोजचा माल, सर्व्हरचं भाडं असं सगळं आहे. दर महिन्याला दिसतं ते त्याने धरलं, आणि दर महिन्याला दिसत नाही ते राहिलं. दिवाळीचा एक पगार बोनस म्हणजे 3 लाख 60 हजार. ऑडिट आणि आरओसीच्या, म्हणजे कंपनी निबंधकाकडच्या, फायलिंगचे 1 लाख, विम्याचे 80 हजार. मिळून वर्षाला 5 लाख 40 हजार, म्हणजे महिन्याला 45 हजार पडतात.

यंत्रसामग्रीच्या कर्जाचा हप्ता 50 हजार आहे. नफा-तोट्याच्या पत्रकात त्यातलं फक्त व्याज दिसतं, मुद्दल दिसत नाही, म्हणून पत्रकावरून बर्न काढणाऱ्याच्या नजरेतून हप्त्याचा मोठा भाग निसटतो. बर्न नेहमी बँकेच्या स्टेटमेंटवरूनच काढावा, पत्रकावरून नव्हे. त्यात आणखी एक: महिन्याला जे 2 लाख येतात त्यांत जीएसटी धरलेला आहे, आणि खरेदीचं क्रेडिट वजा जाता त्यातले सुमारे 15 हजार दर महिन्याला सरकारकडे जातात.

म्हणजे जाणारे 7 लाख 10 हजार, येणारे 2 लाख. निव्वळ बर्न 5 लाख 10 हजार. 35 लाखांना त्याने भागलं की सात महिनेही पुरे भरत नाहीत. मालकाचे बारा महिने इथेच गेले.

एकूण जाणारा आकडाही लिहून ठेवा. येणारे 2 लाख तीन-चार फाउंड्रींच्या देखभालीच्या करारांतून येतात. त्यांनी हात आखडला, तर 35 लाख पाच महिनेही टिकत नाहीत.

भागाकार सात म्हणतो, तक्ता सहा म्हणतो

वर्षाचा खर्च बारा महिन्यांत वाटला की आकडा सोपा होतो, पण बोनस काही वाटून द्यायचा नसतो. तो दिवाळीआधी एकदम द्यावा लागतो. म्हणून एक कागद घ्या आणि महिनावार लिहा. आकडे लाखांत आहेत. नेहमीचं जाणं दरमहा 6.65 धरलं आहे, त्यात हप्ता आणि जीएसटी आला. येणं 2.

| महिना | सुरुवात | निव्वळ नेहमीचं | एकदम येणारं | शेवट |
|---|---|---|---|---|
| ऑगस्ट | 35.00 | −4.65 | | 30.35 |
| सप्टेंबर | 30.35 | −4.65 | ऑडिट, आरओसी −1.00 | 24.70 |
| ऑक्टोबर | 24.70 | −4.65 | बोनस −3.60 | 16.45 |
| नोव्हेंबर | 16.45 | −4.65 | विमा −0.80 | 11.00 |
| डिसेंबर | 11.00 | −4.65 | | 6.35 |
| जानेवारी | 6.35 | −4.65 | | 1.70 |

जानेवारीअखेर खात्यात 1 लाख 70 हजार. फेब्रुवारीचा पगारच 3 लाख 60 हजारांचा आहे. रनवे शून्यावर संपतो असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात तो पहिला चुकणारा पगार येतो तिथे संपतो. या कंपनीचे पूर्ण महिने सहाच, आणि बँक असो वा गुंतवणूकदार, त्यांच्याकडे कागद देऊन पैसे हातात यायला यातले निम्मे सहज जातात. गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत तर आपल्याकडे वसुलीचा फोनसुद्धा कोणी उचलत नाही. म्हणून आमचं सांगणं असतं की या कंपनीने पैशाची बोलणी ऑगस्टमध्येच सुरू करावीत.

खर्च कापावा, की उधारी वसूल करावी?

शिरोलीच्या बिलाचे 7 लाख 8 हजार आम्ही मुद्दामच तक्त्यात घेतलेले नाहीत. जे आलेलं नाही ते शिल्लक नव्हे. पण ते ऑक्टोबरात आले असं धरून दुसरा तक्ता करा. जानेवारीअखेर 8 लाख 78 हजार, फेब्रुवारीअखेर 4 लाख 13 हजार, आणि मार्चमध्ये साधारण अर्धा लाख कमी पडतात. सात पूर्ण महिने झाले, आठवाही जवळजवळ निघाला.

आता तिसरा तक्ता, वसुली न होता खर्च महिन्याला 1 लाखाने कमी केला तर. दोन माणसं कमी करायची म्हटलं, तरी नोटीस आणि शेवटचा हिशेब देऊन बचत ऑक्टोबरच्या आधी दिसत नाही. फेब्रुवारीअखेर 2 लाख 5 हजार उरतात, आणि मार्चमध्ये सुमारे 1 लाख 60 हजार कमी पडतात. म्हणजे एका बिलाची वसुली दोन पगारांच्या कपातीपेक्षा थोडी वरचढच ठरली, आणि कामाची माणसंही राहिली. दोन्ही केलं तर गाडी एप्रिलअखेरपर्यंत जाते. आमच्याकडे येणारे मालक आधी माणसं कमी करायचं बोलतात आणि वसुलीचं शेवटी, कारण गिऱ्हाईकाला पैसे मागायला संकोच वाटतो. संकोच समजतो, पण तक्ता उलटा क्रम सांगतो.

वसुलीसाठी हातात एक कायदा आहे. तुमची कंपनी उद्यम नोंदणी असलेली, सूक्ष्म किंवा लघु गटातली असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिनावार चक्रवाढ व्याज लागतं. त्याहून उपयोगी गोष्ट आयकराची आहे. 2023-24 या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेलं असं देणं खरेदीदाराला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, देईल त्या वर्षीच धरता येतं. फाउंड्रीच्या अकाउंट्स विभागाला हे मार्चच्या आधी नम्रपणे आठवण करून द्या. व्याजाची भाषा करण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं, आणि संबंधही तुटत नाहीत. नोंदणी बिल दिल्यानंतर केली तर जुन्या बिलाला तिचा आधार मिळणं अवघड, तेव्हा उद्यमचा नंबर पहिल्या बिलापासूनच बिलावर छापून घ्या.

तक्ता करायचा कधी

दर महिन्याच्या 21 तारखेनंतर बसावं. टीडीएस, पीएफ आणि जीएसटी तोवर भरून झालेले असतात आणि खात्यातली शिल्लक बरीच स्वच्छ झालेली असते. 5 तारखेला पाहिलेली शिल्लक सगळ्यांत फसवी, कारण देणी भरायची असतात.

आमच्याकडे येताना चार गोष्टी आणा: सगळ्या खात्यांची तीन महिन्यांची स्टेटमेंट, लिन असलेल्या ठेवींची पावती, पुरवठादारांची मुदत उलटलेली बिलं, आणि येणाऱ्या उधारीची यादी. यादीत प्रत्येक बिलासमोर गिऱ्हाईकाने सांगितलेली तारीख लिहा आणि मागच्या वेळी तो प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे देऊन गेला तेही लिहा. तक्त्यात आम्ही दुसरी तारीख घेतो.