जुन्या गिअरबॉक्सला जीएल-5 नको

“गिअर ऑइलमध्ये जीएल-5 दर्जाचं सगळ्यात भारी, मग जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सलाही तेच घालू ना?”

नको. म्हापशात ओळखीच्या एकांनी 1930 च्या फोर्ड मॉडेल ए मध्ये 80डब्ल्यू-90 जीएल-5 घातलं आणि वरचा गिअर टाकताना करकर सुरू झाली. या गिअरबॉक्समध्ये गिअरचे वेग जुळवून देणारे सिंक्रोनायझर नाहीत, त्यामुळे क्लच दाबल्यावर आतली चाकं मंदावतात ती बरीचशी तेलाच्या ओढीनेच. पातळ तेलात ती फिरतच राहतात. त्यात आपल्याकडचा मे महिना!

फोर्डने काकवीसारखं दाट तेल सांगितलं होतं. आज त्या जागी एसएई 140, जीएल-1 चालतं. शिवाय जीएल-5 मधलं गंधक-फॉस्फरस तापलं की ब्रॉंझचे बुश खाऊ शकतं. जीएल-5 बनलंय मागच्या अ‍ॅक्सलमधल्या हायपॉइड डिफरन्शियलसाठी, तिथे खुशाल घाला.