काकू, संत्रं खा, रस सोडा

“शुगर निघाली म्हणून फळं बंद केलीत. रस तेवढा घेते, तो हलका ना?” – इंदूरच्या एक काकू

काकू, नेमकं उलटं करा. राजवाड्याच्या बाजूला रसवाला एका ग्लासात तीन संत्री पिळतो, ते बघा. एका संत्र्यात साधारण १२ ग्रॅम साखर. सोलून खाल्लं तर ती चोथ्यात अडकलेली असते, चावायला वेळ लागतो, रक्तात हळूहळू उतरते. शिवाय एका संत्र्यावर पोट थांबतं. रसात चोथा गाळण्यात राहतो आणि तीन संत्र्यांची साखर दोन मिनिटांत पोटात! जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर चहातल्या साखरेच्याच रांगेत धरते, अख्ख्या फळातली नाही. शुगर एकदम खाली गेली तर मात्र हाच रस कामाचा.

मनुकांचं मात्र वेगळं. त्यांत चोथा असतो, गेलेलं असतं ते पाणी. म्हणून मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम मनुकांत जवळपास २० ग्रॅम साखर, पाव किलोच्या निम्म्या द्राक्षांएवढी. तेवढी द्राक्षं आपण मोजून खातो. मनुका पोह्यांवर टाकताना कोण मोजतं? आठ-दहा पुरे.

संत्रं एका वेळी एकच, आणि दोन तासांनी शुगर तपासून बघा.